आई-बाबांसाठी तळमजल्याचा फ्लॅट: मालकाला काय लिहायचं

प्रश्न: आई-बाबांना गावाकडून कायमचं इकडे आणतोय. बाबा ७४, आई ६८, बाबांचे गुडघे गेलेत. मी चौथ्या मजल्यावर राहतो आणि लिफ्ट नाही. दहा मिनिटांवर तळमजल्याचा वन बीएचके मिळतोय, भाडं १८,००० आणि डिपॉझिट ६०,०००, पण दोघंच म्हातारी माणसं राहणार म्हटल्यावर मालक एजंटला नको म्हणाले. ते दुसऱ्या शहरात असतात, नंबर मिळालाय. त्यांना लिहू काय? आणि करार बाबांच्या नावाने करू की माझ्या?

उत्तर: मालकांचा राग धरू नका. भाडेकरारांचं आणि रजिस्ट्रेशनचं काम मी बरीच वर्षं करतोय, म्हातारी माणसं नकोत म्हणणाऱ्या मालकाशी जरा निवांत बोललं की कळतं की वयस्कर जोडपं भाडेकरू म्हणून त्याला खरंतर आवडतंच, आवाज नाही, पार्ट्या नाहीत, भिंतीवर कुणी रेघोट्या मारत नाही. भीती दुसरीच असते. रात्री दोन वाजता काही झालं तर शेजारी फोन कुणाला करणार, मालकाला. मुलगा आज गोड बोलतोय, उद्या बदली झाली, परदेशात गेला तर या दोघांचं बघणार कोण. आणि सगळ्यात मोठी भीती, जी तो एजंटकडेही उघड बोलत नाही, ती म्हणजे मुदत संपल्यावर सत्तरीच्या माणसांना घर खाली करा म्हणायचं कुणी, आणि नाही केलं तर काय.

शिवाय एक प्रश्न त्याच्या मनात असतोच, विचारत नाही एवढंच: आई-बाप एवढे प्रिय आहेत तर स्वतःच्या घरी का नाही ठेवत? तुमच्याकडे याचं उत्तर एका ओळीचं आहे, चौथा मजला आणि लिफ्ट नाही. ते पत्रात वरच आलं पाहिजे, नाहीतर मालक आपल्या मनाने काहीतरी कारण काढतो आणि ते कधी चांगलं नसतं.

आता करार कुणाच्या नावाने. तुमच्या. बाबांना वाटेल घर आपल्या नावावर असावं, त्यात मान आहे वगैरे, समजू शकतो, पण तीन कारणांनी करार तुमच्याच नावाने बरा. एक तर पैसे तुम्ही भरणार, त्यामुळे जबाबदार माणूसही तुम्हीच दिसायला हवा, मालकाची अर्धी भीती इथेच संपते. दुसरं, आपल्याकडे जो लीव्ह अँड लायसन्स करार होतो त्यात घर वापरायची परवानगी त्या माणसापुरती असते, ती वारसाने पुढे जात नाही. बाबांच्या नावाने करार असला आणि त्यांचं काही बरंवाईट झालं तर आईला त्याच दिवसांत नवीन करारासाठी मालकाकडे जावं लागेल. असं बोलणं वाईट वाटतं पण कागद करताना बोलावंच लागतं. तिसरं अगदी व्यवहाराचं: ऑनलाइन रजिस्ट्रेशनला आधारवर अंगठा लागतो, आणि ज्यांनी आयुष्यभर शेतात काम केलंय त्यांच्या बोटांच्या रेषा झिजलेल्या असतात, मशीन अंगठा घेत नाही, परत परत पुसून, क्रीम लावून, दुसरं बोट लावून अर्धा दिवस जातो आणि म्हातारा माणूस उगाच ओशाळतो.

पण तुमच्या नावाने करताना एक गोष्ट विसरू नका, ती विसरली की पुढे गडबड होते. छापील मसुद्यात नेहमी असं असतं की लायसन्सी ही जागा स्वतःच्या राहण्यासाठी वापरेल आणि दुसऱ्या कुणाला वापरायला देणार नाही. तुम्ही तर तिथे राहणारच नाही. म्हणजे सही केल्या दिवसापासून करार मोडल्यासारखंच. म्हणून त्यात स्पष्ट वाक्य घालून घ्या की जागेत लायसन्सीचे आई-वडील, अमुक आणि अमुक, दोघं किंवा दोघांपैकी एक, राहतील आणि लायसन्सी स्वतः तिथे राहीलच असं नाही. "दोघांपैकी एक" हे शब्द गळू देऊ नका, म्हणजे उद्या एकटी आई किंवा एकटे बाबा राहिले तरी कागद बदलावा लागत नाही. आणि जाता जाता, हे भाडं दाखवून ऑफिसात एचआरए मागायला जाऊ नका, ती सवलत तुम्ही स्वतः राहत असलेल्या घराच्या भाड्यावर आहे, आई-वडिलांच्या नाही.

पत्र पाठवायच्या आधी घर एकदा नीट बघून या, आणि शक्यतो बाबांना घेऊन, कारण पत्रात मालकाकडून काय मागायचं ते तिथेच ठरतं. तळमजला म्हटलं की आपण धरून चालतो की पायऱ्या नाहीत. असतात. बिल्डिंगचा चौथरा उचललेला असतो, तीन-चार पायऱ्या असतातच, आणि बऱ्याच ठिकाणी कठडाही नसतो. लोक म्हणतात रॅम्प करून घेऊ. हिशोब करा, एक पायरी १५ सेंटीमीटरची धरली तर तीन पायऱ्यांची उंची ४५, आणि माणूस सुरक्षित चढेल असा उतार १ ला १२ लागतो, म्हणजे ५ मीटर ४० सेंटीमीटर लांब रॅम्प. एवढी जागा दारासमोर क्वचितच असते, आणि लोक मग दोन मीटरचा तीव्र उतार करतात, जो पायऱ्यांपेक्षा वाईट, पावसात तर घसरगुंडीच. तुमच्या बाबांना व्हीलचेअर नाहीये, त्यांना पायऱ्यांच्या कडेला धरायला भक्कम रेलिंग पुरेल. ती जागा सोसायटीची असते, मालकाच्या एकट्याच्या हो म्हणण्याने भागत नाही, त्याला सोसायटीला दोन ओळी लिहाव्या लागतात. म्हणून त्याला आधीच सांगा.

मग संडास-बाथरूम. भारतीय पद्धतीचा संडास असेल तर गेलेल्या गुडघ्यांना तो जमणारच नाही, खुर्ची ठेवून काम भागतं पण रोजचं ते कटकटीचं आहे, तेव्हा कमोड नसेल तर हा फ्लॅट खरंच हवाय का याचा विचार करा. बाथरूमचा उंबरठा किती उंच आहे ते बघा. धरायची हँडल लावायची तर ती टाइलच्या मागे पक्की वीट किंवा काँक्रीट बघून अँकर फास्टनरने लावायची, रबराच्या चकतीवर चिकटवायची हँडल अजिबात नकोत, माणसाचं वजन आलं की सुटतात. उंची पुस्तकातून घेऊ नका, बाबांना कमोडवर बसवा, उठताना त्यांचा हात आपोआप कुठे जातो तिथे खूण करा. आणि बाथरूमची कडी बघा. दार आत उघडतं आणि आतून कडी लागते, अशा ठिकाणी माणूस आत पडला तर दाराला अडून पडतो आणि बाहेरून काहीच करता येत नाही. बाहेरून नाण्याने किंवा स्क्रू ड्रायव्हरने उघडता येईल अशी कडी बसवून घ्या, फार खर्चाचं काम नाही आणि मालक त्याला कधी नाही म्हणत नाहीत.

तळमजल्याचे दोन रोग आहेत, ओल आणि उलटं येणारं पाणी. भिंतीचा फक्त खालचा दोन-तीन फूट भाग नवा रंगवलेला दिसला तर समजा खाली ओल आहे आणि ती झाकलीये. भिंतीतलं बंद कपाट उघडून वास घ्या. गावाहून आई धान्याची पोती आणणारच, ती अशा भिंतीला लावून ठेवली की एका पावसाळ्यात वाया जातात. उलट्या पाण्याचं असं की वरच्या सगळ्या मजल्यांचं सांडपाणी बाहेरच्या चेंबरमध्ये जातं, ते चेंबर तुंबलं की पाणी वाट शोधत सगळ्यात खालच्या बाथरूमच्या जाळीतून वर येतं, म्हणजे तळमजल्याच्याच. एक बादली भरून मोरीत ओता, पाणी गडगडत, थांबत जात असेल तर प्रश्न आहे. वॉचमनला विचारा गेल्या पावसाळ्यात काय झालं, मालक लांब असतो, त्याला हे माहीतही नसतं पुष्कळदा.

हे सगळं बघून झालं की लिहा. पण त्याआधी एजंटला सांगा की मी मालकांना थेट लिहितोय, तुमची ब्रोकरेज कुठे जात नाही. नाहीतर त्याला वाटणार तुम्ही त्याला बाजूला टाकताय आणि तोच मालकाला फोन करून मोडता घालणार. व्हॉट्सअॅपवर लिहिलं तरी चालेल, एकाच मेसेजमध्ये, पुरतं, व्हॉइस नोट नको. मी लिहिला असता तर साधारण असा:

"नमस्कार सर. मी (पूर्ण नाव), (कंपनीत) नोकरीला आहे. तुमचा तळमजल्याचा फ्लॅट रविवारी एजंटसोबत पाहिला, त्यांना सांगूनच तुम्हाला थेट लिहितोय. फ्लॅट माझ्या आई-वडिलांसाठी हवा आहे. वडील ७४ वर्षांचे, आई ६८. आतापर्यंत गावी शेती केली, आता वडिलांना गुडघ्यांमुळे जिना चढवत नाही. मी दहा मिनिटांवर राहतो पण चौथ्या मजल्यावर, लिफ्ट नाही, म्हणून तळमजला शोधतोय. दोघंही स्वयंपाक, आंघोळ, बाजार आपापलं करतात. मी रोज संध्याकाळी जाईन आणि सकाळी कामाला एक बाई येतील.

करार माझ्या नावाने करू, राहणारे म्हणून त्यांची नावं त्यात लिहू. भाडं दर महिन्याच्या ५ तारखेच्या आत माझ्या खात्यातून येईल. करार रजिस्टर करू, त्याचा खर्च मी करतो, पोलीस व्हेरिफिकेशनची कागदपत्रंही देतो. मुदत संपल्यावर घर वेळेत रिकामं करून ताब्यात देणं ही माझी जबाबदारी, तसं करारात लिहू.

रात्री-अपरात्री काही लागलं तर माझा आणि माझ्या पत्नीचा नंबर शेजारी, वॉचमन आणि सोसायटी ऑफिसमध्ये असेल, घराची एक चावी माझ्याकडे राहील. पेरणी आणि काढणीच्या वेळी दोघं काही आठवडे गावी जातील, तेव्हा घर बंद असेल, भाडं चालू राहील आणि मी मधूनमधून जाऊन बघेन. गावाकडचं कुणी दवाखान्याच्या कामाला आलं तर दोन-चार दिवस राहील, त्याहून जास्त नाही.

दोन विनंत्या आहेत. बाथरूममध्ये दोन हँडल आणि बाहेरून उघडणारी कडी माझ्या खर्चाने बसवू द्या, सोडताना भोकं बुजवून देईन. आणि बाहेरच्या पायऱ्यांना रेलिंगसाठी सोसायटीला तुमच्याकडून पत्र हवं, खर्च माझा. मुदत ३६ महिने आणि दरवर्षी ५ टक्के वाढ अशी माझी तयारी आहे, कारण त्यांना या वयात सारखं घर बदलायला लावायचं नाहीये. त्यांची तब्येत किंवा गावी परत जाणं यामुळे आधी सोडावं लागलं तर एक महिन्याची नोटीस चालावी एवढीच अपेक्षा. तुम्हाला कधी फोन करू? हवं असेल तर व्हिडिओ कॉलवर आई-बाबांशीही बोला."

यात काय नाही ते बघा. आजारांची यादी नाही. गुडघे घराशी संबंधित आहेत म्हणून लिहिले, आईची शुगर, बीपी मालकाला सांगायचं कारण नाही, वाचून त्याला घराऐवजी अॅम्ब्युलन्स दिसायला लागते. पण दोघांपैकी कुणी अंथरुणाला खिळलेलं असेल, सांभाळायला रात्रीचा माणूस लागत असेल तर ते लपवू नका, पहिल्या आठवड्यात सोसायटीकडून मालकाला कळतंच. विनवणी पण नाही. "माझे आई-वडील देवमाणसं आहेत, तुमचे उपकार विसरणार नाही" असली वाक्यं लोक फार लिहितात आणि मालक त्याने आणखी सावध होतो. आधार-पॅनचे फोटो पहिल्याच मेसेजला जोडू नका, तो हो म्हणाला की द्या.

गावच्या पाहुण्यांचं आणि बंद घराचं मी मुद्दाम लिहिलंय. मालकाला पुढच्या वर्षी कुणीतरी कळवतं की तुमचं घर महिनाभर बंद होतं किंवा घरात सहा माणसं होती, आणि तिथून संशय सुरू होतो. आधी सांगितलेलं असेल तर तोच मालक म्हणतो हो, मला माहितीये. "तुम्हाला त्रास होणार नाही" अशी हमी मात्र पत्रात नाही, कारण ती कुणीच देऊ शकत नाही. नंबर कुठे असतील, चावी कुणाकडे असेल एवढं सांगितलं की पुरे, आणि मग ते नंबर खरंच तिथे देऊन या.

मुदतीबद्दल थोडं, कारण इथे मालक हमखास म्हणणार, ११ महिन्यांचा करू, रजिस्टर करायला नको. महाराष्ट्रात ते चालत नाही. १९९९ च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम ५५ प्रमाणे करार लेखी आणि रजिस्टर लागतो, मुदत कितीही असो, आणि तो रजिस्टर करायची जबाबदारी मालकावर आहे. नाही केला आणि वाद झाला तर अटींबद्दल भाडेकरू म्हणेल ते धरलं जातं, जोवर उलट सिद्ध होत नाही. म्हणजे रजिस्ट्रेशनचा फायदा जास्त मालकाचाच. आणि जी त्याची मोठी भीती, घर खाली न होण्याची, तिचंही उत्तर त्याच कायद्यात आहे: कलम २४ खाली मुदत संपल्यावर घर सोडलं नाही तर मालक नेहमीच्या दिवाणी कोर्टाऐवजी सक्षम प्राधिकाऱ्याकडे जाऊ शकतो आणि राहिलेल्या दिवसांचं भाडं दुपटीने द्यावं लागतं. हे तुम्ही पत्रात लिहू नका, भाडेकरूने कलमं सांगितली की मालकाला वाटतं हा वकिली करणारा दिसतो. फोनवर त्याने विषय काढला तर एजंटला सांगायला लावा.

खर्च किती? भाडं दरवर्षी ५ टक्क्यांनी वाढवून तीन वर्षांचं एकूण भाडं ६,८०,९४० होतं. परत मिळणाऱ्या डिपॉझिटवर वर्षाला १० टक्के धरतात, ६०,००० वर तीन वर्षांचे १८,०००. बेरीज ६,९८,९४०, त्यावर पाव टक्का स्टॅम्प ड्यूटी, म्हणजे साडेसतराशेच्या आसपास. वर शहरी भागात रजिस्ट्रेशन फी १,००० आणि करार करणाऱ्याची फी वेगळी. तीन वर्षांत तीनदा ११ महिन्यांचे करार करण्यापेक्षा हे स्वस्तच पडतं.

फक्त लॉक-इन बघून सही करा. मसुद्यात पुष्कळदा असतं की इतक्या महिन्यांच्या आत घर सोडलं तर उरलेल्या महिन्यांचं भाडं द्यायचं. गावाहून आलेल्या माणसांचं सांगता येत नाही हो, सहा महिन्यांत बाबा म्हणतात मला इथे करमत नाही, मी चाललो, आणि अडवता येत नाही. म्हणून ती एक महिन्याच्या नोटिशीची ओळ पत्रात नुसती ठेवून उपयोग नाही, करारात उतरली पाहिजे. मालक अगदीच अडला तर पहिले सहा महिने लॉक-इन माना आणि त्यात "राहणाऱ्यांच्या तब्येतीमुळे किंवा मृत्यूमुळे घर सोडावं लागल्यास लॉक-इन लागू नाही" असं घालून घ्या.

मेसेज गेला की दोन दिवस थांबा, मग एक फोन करा. मालक तरीही कां-कूं करत असेल तर सहसा तो डिपॉझिट वाढवून मागतो. ते द्यायला माझी हरकत नसते, एक-दीड महिन्याचं जास्त भाडं परत मिळणारं आहे, त्याच्या मनाला धीर येतो, फक्त रक्कम करारात लिहिलेली आणि बँकेतून गेलेली हवी. पण त्याने भाडंच वाढवून मागितलं, म्हातारी माणसं म्हणून जास्त, तर नाही म्हणा. आणि त्याच्या शहरात जाऊन भेटायचं म्हणत असाल तर एकटे जा, बाबांना त्या गुडघ्यांनी तेवढा प्रवास कशाला.